सोफ्यावर घुमतो आणि पंख्याखाली पोकळ वाटतो: छोट्या हॉलमधल्या साउंडबारचं काय करायचं

दसऱ्याला मावशीकडे साउंडबार आला. धनकवडीतला जुना वन बीएचके, हॉल १० बाय १२ फूट, उंची साडेनऊ फूट. टीव्ही १० फुटी भिंतीवर, समोरच्या १० फुटी भिंतीला टेकून सोफा, आणि मधोमध, अगदी पंख्याखाली, काकांची खुर्ची. सोबत आलेला वायरलेस वूफर, म्हणजे फक्त खालचे आवाज वाजवणारा वेगळा डबा, टीव्हीच्या भिंतीच्या कोपऱ्यात, खिडकीखाली, कारण प्लग तिथेच होता आणि बसवायला आलेला मुलगा म्हणाला की कोपऱ्यात बेस छान लागतो.

पंधरा दिवसांनी मावशीचा फोन. "अगं, बातम्या लावल्या तरी नुसतं घुमतंय, माझं डोकं दुखायला लागतं." मागून काकांचा आवाज, "काही घुमत नाही, पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं येतंय, बेसच नाहीये, आपण बदलून आणू." काका रिमोटने वूफर वाढवायचे, मावशी स्वयंपाकघरातून येऊन परत कमी करायची. दोघं एकाच हॉलमधे, एकच साउंडबार ऐकतायत, दोघांच्या डोक्यात जेमतेम पाच फुटांचं अंतर.

आणि दोघंही खरं सांगत होते, हे मला सगळ्यात आधी सांगायचंय, कारण अशा वेळी घरात एकाला वेड्यात काढलं जातं किंवा मग सगळा दोष साउंडबारवर जातो. मी ओळखीतल्या बऱ्याच घरी हे साउंडबार लावून दिलेत आणि छोट्या हॉलमधे तक्रार जवळजवळ नेहमी याच दोनपैकी एक असते. हे का होतं आणि वस्तू न बदलता त्यावर काय करता येतं, ते मावशीच्याच हॉलवरून सांगते.

आधी हर्ट्झ म्हणजे काय ते एकदा बघून घेऊ

आवाज म्हणजे हवेचा दाब कमीजास्त होणं. सेकंदाला किती वेळा होतो तो आकडा म्हणजे हर्ट्झ. आकडा लहान तर आवाज खर्जातला, मोठा तर टिपेचा. ढोलाचा धम्म हा खालच्या आकड्यांत राहतो, ताशाची तर्री हजारांत जाते. पुरुषाच्या बोलण्याचा पाया साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो, बाईचा २०० च्या, पण शब्द कळतात ते ज्याच्यामुळे, म्हणजे स, श, ट, क अशी अक्षरं, ते सगळं हजार हर्ट्झच्या वर.

आता "घुमतंय" म्हणजे खालच्या आवाजांपैकी एखादा छोटा पट्टा बाकीच्यांपेक्षा बराच मोठा झालाय आणि लवकर विरत नाहीये. "पोकळ" म्हणजे तोच पट्टा, किंवा त्याच्या जरा वरचा, गायब झालाय आणि नुसतं वरचं वरचं उरलंय. एकाच खोलीत, एकाच वेळी दोन्ही होऊ शकतं आणि मावशीकडे तेच होत होतं.

परातीतलं पाणी

परातीत थोडं पाणी घ्या आणि एका बाजूने हळूहळू, ठेका धरून हलवा. एका ठरावीक ठेक्याला पाणी एकदम लय पकडतं, या कडेला चढतं तेव्हा त्या कडेला उतरतं, आणि थोडंसं हलवलं तरी बाहेर सांडायला येतं. ठेका जरा चुकवला की ते चढणं बंद. आता मधे बघा. दोन्ही कडा वरखाली होतायत, पण परातीच्या बरोब्बर मधे पाण्याची पातळी जवळजवळ हलतच नाही.

खोलीतल्या हवेचं हेच होतं. दोन समोरासमोरच्या भिंतींच्या मधे खर्जातला आवाज इकडून तिकडे आपटत राहतो आणि एका ठरावीक हर्ट्झला तो लय पकडतो. तेव्हा भिंतींपाशी हवेचा दाब सगळ्यात जास्त वरखाली होतो आणि मधोमध जवळपास शून्य. बाथरूममधे गुणगुणताना एखादाच सूर अचानक मोठा होतो, भिंतीच बोलल्यासारख्या वाटतात, तो हाच प्रकार, फक्त बाथरूम लहान म्हणून तिथे तो आपल्या गळ्याच्या सुरात येतो आणि हॉल त्याहून मोठा म्हणून तिथे वूफरच्या सुरात.

मावशीचा सोफा भिंतीला टेकलेला, म्हणजे परातीच्या कडेला. काकांची खुर्ची पंख्याखाली, आणि पंखा खोलीच्या बरोब्बर मधे, म्हणजे पाणी हलतच नाही तिथे. आपल्याकडे उकाड्यामुळे पंख्याखाली बसायची सवय, आणि लांबी रुंदी दोन्हींचा मध्य तिथेच येतो. बेस ऐकण्यासाठी याहून वाईट जागा हॉलमधे दुसरी नाही.

५६५ भागिले फूट

कुठल्या हर्ट्झला खोली लय पकडणार हे टेपने मोजता येतं. आवाज हवेत सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. भिंतीपासून भिंतीपर्यंत जाऊन परत यायचं म्हणून त्याचा निम्मा आकडा धरायचा, ५६५, आणि त्याला खोलीच्या मापाने भागायचं.

मावशीच्या हॉलची लांबी १२ फूट, म्हणजे ४७ हर्ट्झ. रुंदी १० फूट, म्हणजे ५६-५७. उंची साडेनऊ, म्हणजे ५९-६०. शेवटचे दोन बघा, जवळजवळ एकमेकांच्या डोक्यावर बसलेत. दोन मापं सारखी असली की त्याच जागी डबल घुमतं, म्हणून १० बाय १० ची चौरस बेडरूम ही बेससाठी सगळ्यात अवघड खोली असते, आणि आपल्या फ्लॅटमधे तीच जास्त. मोठ्या हॉलमधे असे सूर पुष्कळ असतात आणि खूप खालपासून दाट पसरलेले असतात त्यामुळे एकटा एक उठून दिसत नाही. छोट्या खोलीत ते विरळ असतात, आणि नेमके सिनेमातल्या दणक्याच्या आणि गाण्यातल्या बेसच्या पट्ट्यात येतात, म्हणून एक सूर धाडकन येतो आणि शेजारचा येतच नाही.

याच्या दुप्पट आकड्यालाही लय लागते, १२ फुटाला ९४ हर्ट्झला. तिथे कडांना आणि मधे दोन्हीकडे दाब जास्त असतो आणि दोन्ही भिंतींपासून तीन तीन फुटांवर शांतता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यात आपल्या भिंती विटांच्या नाहीतर काँक्रीटच्या, वर स्लॅब, खाली व्हिट्रिफाइड टाइल. असल्या भिंती बेसला गिळत नाहीत, परत पाठवतात, त्यामुळे लय एकदा लागली की सुटायला वेळ घेते.

आपल्या घरी काय होतंय हे कसं ओळखायचं

मी दुपारी गेले तेव्हा आधी साउंडबारचे सगळे मोड बंद केले, सराउंड, नाइट, व्हॉइस, सिनेमा, सगळे, नुसतं स्टँडर्ड ठेवलं. हे न करता पुढे काहीही केलं तरी फुकट जातं, कारण प्रत्येक मोडच्या पोटात स्वतःची वेगळी सेटिंग दडलेली असते आणि सराउंडचा मोड तर दोन स्पीकरमधे मुद्दाम फरक करून रुंदी आणतो, त्यात मधला आवाज बारीक होतो.

मग टीव्हीवर टोन, म्हणजे एकाच हर्ट्झचे सलग सूर, लावले, ४०, ५०, ६०, ८०, १००, १२०, १५०, २०० हर्ट्झ, एकामागून एक, प्रत्येक दहा सेकंद. मोबाइलमधली टोन जनरेटरची अॅप चालते, ब्लूटूथने जोडायची. आवाज बेताचाच ठेवा, कारण सलग टोनवर छोटा वूफर तापू शकतो. मावशीला सोफ्यावर बसवलं, काकांना खुर्चीत, दोघांना कागद पेन दिलं आणि प्रत्येक टोनला "मोठा, ठीक, नाही" असं लिहायला सांगितलं. मावशीच्या कागदावर ५० आणि ६० समोर "मोठा", काकांच्या कागदावर त्याच दोघांसमोर "नाही". १०० ला दोघांचाही "मोठा". दोघांनी कागद शेजारी ठेवून बघितले आणि भांडण तिथेच थांबलं.

तुम्ही एकटे असाल तर टोन चालू ठेवून हॉलमधे भिंतीपासून मध्यापर्यंत हळू चालत जा. ५० चा टोन भिंतीपाशी कानावर दाबल्यासारखा आणि मधे आल्यावर कोणीतरी बंद केल्यासारखा वाटला, की काम खोलीचं आहे. सगळीकडे सारखाच बारीक असेल तर तो वूफर मुळात तेवढं खाली जातच नाही, मग या लेखातलं निम्मं तुम्हाला लागू नाही. मोबाइलचा माइक खर्जात नीट ऐकत नाही, त्यामुळे अॅपवरचा आकडा खरा मानू नका, पण तोच मोबाइल एका जागी ठेवून आधीचा आणि नंतरचा फरक बघायला चालतो.

कोपरा का नको

भिंतीला टेकवलेल्या वूफरचा आवाज मोकळ्या जागेपेक्षा वाढतो, कारण मागे जाणारा आवाज भिंतीवरून पुढेच येतो. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन, म्हणजे तीन बाजूंनी वाढतो. म्हणून तो मुलगा म्हणाला ते खोटं नव्हतं, कोपऱ्यात बेस जास्तच लागतो. पण कोपरा म्हणजे लांबी, रुंदी, उंची तिन्ही पराती एकाच वेळी कडेला धरून हलवणं. वाढतो तो सगळा बेस सारखा नाही, हे तीन सूर सगळ्यात जास्त.

मग वूफर कुठे ठेवायचा? इथे एक जुनी युक्ती आहे आणि मला ती फार आवडते. परातीत जिथून हलवायचं आणि जिथे बघायचं या दोन जागांची अदलाबदल केली तरी फरक तेवढाच मिळतो. म्हणजे वूफर सोफ्यावर, मावशीच्या बसायच्या जागी ठेवायचा, आणि आपण जमिनीवर रांगत, वूफर जिथे जिथे ठेवणं शक्य आहे त्या प्रत्येक जागी कान नेऊन ऐकायचं. जिथे सगळे टोन त्यातल्या त्यात सारखे ऐकू येतील तिथे वूफर ठेवला की सोफ्यावरही तसंच ऐकू येणार.

सोफ्यावर जुनी चादर टाकली, त्यावर वूफर, एक्स्टेंशन बोर्ड ओढून आणला, आणि मी कान जमिनीपासून फूटभर उंचीवर धरून भिंतीकडेने फिरले. खिडकीखालच्या कोपऱ्यात ५०-६० ला नुसतं धाप लागल्यासारखं होत होतं. लांब भिंतीने सोफ्याच्या दिशेने सरकले तसं ते उतरत गेलं आणि टीव्हीच्या भिंतीपासून साधारण साडेतीन फुटांवर, जिथे त्यांचं चपलांचं छोटं कपाट होतं, तिथे बरंच समान झालं.

का, ते वरच्या हिशोबातून कळतं. तीन फुटांवर ९४ हर्ट्झची शांत जागा, म्हणजे तिथून त्या लयीला ढकलताच येत नाही. आणि मध्याकडे जसजसं जावं तसा ४७ चा जोर कमी, चार फुटांवर निम्मा होतो. साडेतीन ही दोन्हींच्या मधली जागा. रुंदीचा ५७ मात्र तिथेही राहिला, कारण वूफर लांब भिंतीलाच टेकलेला. त्याला मारायचं तर वूफर १० फुटी भिंतीच्या मधे, टीव्हीखाली हवा, पण मग ४७ पुन्हा पूर्ण जोरात. छोट्या खोलीत एका वूफरने सगळं साधत नाही, दोनातलं कमी त्रासाचं निवडायचं आणि उरलेलं बटणांनी कमी करायचं. चपलांचं कपाट दाराच्या दुसऱ्या बाजूला गेलं.

एक सांभाळायचं, वूफर साउंडबारपासून फार लांब, सोफ्याच्या मागे वगैरे नेऊ नका. मोठ्या होम थिएटरमधे वूफर ८० हर्ट्झच्या खालचंच वाजवतो, त्यामुळे आवाज कुठून येतो ते कानाला कळत नाही. साउंडबारमधले स्पीकर दोन अडीच इंचांचे, त्यांना तेवढं खाली झेपत नाही, म्हणून बऱ्याच मॉडेलमधे वूफर १५० च्या वरपर्यंत काम करतो आणि तिथे पुरुषांचा आवाजही थोडा त्यातून येतो. वूफर मागे ठेवला तर निवेदक टीव्हीत आणि त्याचा खर्ज पाठीमागे असं विचित्र होतं.

काकांची खुर्ची

काकांच्या पोकळ आवाजाला वूफर हलवून थोडाच फरक पडला, कारण मध्यात दाबच नाही तर कुठूनही ढकललं तरी काय होणार. तिथे खुर्चीच हलायला हवी. हिशोब सांगतो की लांबीच्या मध्यापासून दोन फूट मागे गेलं की ४७ हर्ट्झचा निम्मा दाब परत मिळतो. आणि खुर्ची रुंदीच्या मध्यावरूनही फूटभर बाजूला घेतली की ५७ सुद्धा थोडा येतो. काकांना पंखा सोडवत नव्हता, पण दोन फुटांवरही वारा पोचतो, बसून बघा म्हटलं. बसले, ढोलाचं एक रेकॉर्डिंग लावलं, आणि म्हणाले, "हां, आता टिपरू पानावर पडल्यासारखं वाटतंय."

सोफा भिंतीपासून ओढावा असं सगळे सांगतात. जागा असेल तर एक दीड फूट जरूर ओढा, पण १२ फुटी खोलीत तेवढ्याने ४७ चा जोर फक्त दोनेक डेसिबल उतरतो (डेसिबल म्हणजे आवाजाच्या लहानमोठेपणाचं माप, तीनाचा फरक सहज कळतो, दहाचा फरक म्हणजे साधारण दुप्पट मोठा वाटतो). वूफर हलवून यापेक्षा कितीतरी जास्त मिळतं, तेव्हा हॉल अडवून सोफा पुढे आणायचा हट्ट नको.

सगळीकडेच पोकळ वाटत असेल तर

वेगळ्या प्रकारचा पोकळपणा असतो, जो कुठेही बसलं तरी जात नाही आणि माणसांच्या बोलण्यात जास्त कळतो. त्याची कारणं साउंडबारपाशी शोधायची.

मावशीकडे बार टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत सरकवलेला होता, वर फळी, दोन्ही बाजूंना फळ्या, पुढे आठ इंच लाकूड मोकळं आणि त्यावर रिमोट, गणपतीची छोटी मूर्ती, सेट टॉप बॉक्स. कप्पा स्वतःच डब्यासारखा वाजतो आणि पुढच्या मोकळ्या फळीवरून आपटलेला आवाज सरळ आवाजात मिसळून काही सूर खाऊन टाकतो. बार कप्प्यातून काढून युनिटच्या वर ठेवला, पुढची कड फळीच्या कडेला अगदी टेकवून. तो एक मिनिटाचा बदल होता आणि बोलणं लगेच पुढे आलं. बार भिंतीवर लावलेला असेल तर भिंतीमुळे त्याचा खालचा भाग थोडा भरतो, बारीक आवाजाच्या बारला त्याने मदतच होते. वरच्या बाजूला स्पीकर असलेला अॅटमॉसचा बार मात्र कप्प्यात किंवा टीव्हीच्या पोटाखाली चेपून ठेवला तर त्याचे वरचे स्पीकर फळीवरच आपटत बसतात.

दुसरं कारण, बार आणि वूफर यांच्यात हातबदल होतो तिथे, १२० ते २०० च्या मधे, दोघं एकमेकांच्या विरुद्ध हलत असणं. एक हवा ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय, आणि मधला पट्टा खलास. ओळखायची सोपी खूण आहे, एखाद्या जाड आवाजाच्या निवेदकाच्या बातम्या लावा आणि वूफर बंद करा. वूफर बंद केल्यावर आवाज उलट भरदार वाटला तर हेच आहे. वूफरमागे फेजचं, म्हणजे त्याचं ढकलणं-ओढणं उलटं करणारं, बटण असेल तर दुसऱ्या बाजूला करून बघा, नसेल तर वूफर फूटभर पुढेमागे सरकवून तीच बातमी परत ऐका.

आणि तिसरं म्हणजे उघडीबोडकी खोली. टाइल, काच, रिकाम्या भिंती असल्या की वरचा आवाज चुरचुरीत होतो आणि त्यापुढे खालचा कमी वाटतो. हॉलच्या मधे टाळी वाजवा, मागे धातूसारखी झणझण ऐकू आली तर जाड पडदा आणि सोफ्यापुढे सतरंजी टाका, इतकंच.

आता इक्वलायझर

इक्वलायझर म्हणजे आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांची वेगळी बटणं. याला हात सगळ्यात शेवटी लावायचा, जागा ठरल्यावर.

आधी एक घोटाळा दूर करा. टीव्हीच्या सेटिंगमधला इक्वलायझर बऱ्याच टीव्हींत फक्त टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरसाठी असतो, एचडीएमआय किंवा ऑप्टिकलने बाहेर जाणाऱ्या आवाजावर त्याचा परिणाम होत नाही. काका आठवडाभर तिथे १०० हर्ट्झची पट्टी वर चढवत होते आणि काहीच बदलत नव्हतं. टोकाला नेऊन ऐका, फरक नसेल तर सोडून द्या आणि साउंडबारच्या रिमोटवर किंवा त्याच्या अॅपमधे बघा.

नियम एकच पाळा, कमी करायचं, वाढवायचं शक्यतो नाही. घुमणारा सूर म्हणजे खोलीने वाढवलेला सूर, तो कमी केला की बाकीचे आपोआप दिसायला लागतात. पण पंख्याखालची शांत जागा बटणाने भरत नाही, कारण तिथे एका भिंतीकडून आलेला आवाज दुसरीकडून आलेल्याला मारतोय, तुम्ही वाढवाल तर दोन्ही वाढतील आणि तितकंच मारतील. सहा डेसिबल वाढवायला अॅम्प्लिफायरला चौपट ताकद लावावी लागते, त्यात छोट्या वूफरचा आवाज फाटायला लागतो, आणि सोफ्यावरच्या माणसाला ते सगळं जसंच्या तसं मिळतं. काका वूफर वाढवत होते तेव्हा मावशीचं डोकं यामुळेच दुखत होतं.

मावशीकडे काय केलं ते सांगते. वूफरची पातळी अधिक ४ वर होती, ती शून्यावर आणली आणि मग ५७ चा टोन आणि नेहमीची गाणी आलटून पालटून ऐकत उणे २ वर थांबले. बेसचं बटण शून्यावरच ठेवलं, कारण वूफरची पातळी आणि बेस ही दोन्ही बटणं बरीचशी एकाच पट्ट्यावर काम करतात आणि दोन्ही फिरवली की कशाने काय झालं ते कळत नाही. अॅपमधे पाच पट्ट्या होत्या, त्यातली १०० ची उणे ३ केली, दोघांच्या कागदावर १०० मोठा होता म्हणून. ३०० ची फक्त उणे १, बोलण्यातला डब्याचा वास जायला. तिथे जास्त कमी करू नका, नाहीतर पुन्हा काकांची पत्र्याची तक्रार सुरू. १ हजाराची तशीच ठेवली. ३ हजाराची अधिक १ करून बघितली, शब्द स्पष्ट झाले पण "स" टोचायला लागला, परत शून्य.

प्रत्येक बदलानंतर निदान एक गाणं आणि पाच मिनिटं बातम्या ऐका, आणि आवाजाची पातळी रोजची ठेवा, कारण कमी आवाजात कानाला खर्ज तसाही कमी ऐकू येतो. दुपारी मोठ्या आवाजात लावलेली सेटिंग रात्री हळू ऐकताना बारीक वाटते. रात्रीसाठी वूफर दोन पायऱ्या वर घ्यायचा आणि सकाळी परत खाली, एवढंच.

"फोम किंवा पडदे लावले तर घुमणं जाईल ना?"

बेसचं नाही जाणार. ५० हर्ट्झची एक लाट जवळजवळ २३ फुटांची असते, खोलीपेक्षा मोठी. तिला थोपवायला काही फूट जाडीचं काहीतरी लागतं. दोन इंचाचा फोम वरचे आवाज गिळतो, त्याने खोली उलट मंद वाटते आणि घुमणं उठून दिसतं. कोपऱ्यात उभी केलेली कापसाची जाड गादी थोडंफार काम करते, पण त्यावर फार आशा लावू नका. बेडरूमचं दार उघडं ठेवून मात्र बघा, खोलीचं मापच बदलल्यासारखं होतं आणि काही घरांत घुमणं स्पष्ट कमी होतं. मावशीकडे दार उघडलं की थोडं सैल वाटायचं, म्हणून टोन ऐकताना दार रोजच्यासारखंच ठेवायचं.

"जास्त वॅटचा घेतला असता तर?"

तर तेच, जास्त जोरात. वॅट वाढल्याने खोलीची मापं बदलत नाहीत. उलट जो वूफर ४० पर्यंत खाली जातो तो ४७ ची लय पुरेपूर लावतो, आणि जो ६० च्या खाली जातच नाही त्याच्या घरी ही तक्रार कमी असते. १० बाय १२ मधे मोठा वूफर घ्यायचा असेल तर त्याची पातळी कमी ठेवायची तयारी हवी.

"आमच्या साउंडबारमधे खोली ओळखायची ऑटो सेटिंग आहे"

असेल तर वापरा, पण वूफर आणि खुर्ची ठरल्यानंतर, आणि जागा बदलली की पुन्हा. ती वाढलेले सूर ओळखून कमी करते, हे काम ती आपल्यापेक्षा पटकन करते. शांत जागा तिलाही भरता येत नाही.

"खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात"

गणपतीत खिडक्या लावून घेतल्या तरी लांबून ढोल ऐकू येतोच आणि ताशा येत नाही, तसंच तुमचा बेस स्लॅबमधून खाली जातो आणि बोलणं जात नाही. वूफरखाली जाड रबराचे तुकडे ठेवले की जमिनीला थेट लागणारा थरकाप आणि कपाटाच्या काचा वाजणं कमी होतं. हवेतून जाणारा बेस त्याने थांबत नाही, त्याला पातळी कमी हाच उपाय. पण खाली जे जास्त जातं ते बहुतेक घुमणारे एक दोन सूरच असतात, त्यामुळे मावशीकडे कोपरा सोडल्यावर आणि वूफर उणे २ केल्यावर खालच्या काकूंनी विचारलं की साउंडबार परत केलात का.

वूफरची जागा मी टाइलवर चिकटपट्टीने आखून दिलीये, खुर्चीच्या मागच्या दोन पायांचीही, कारण केर काढताना दोन्ही सरकतात आणि फूटभर फरकाने काकांचा बेस पुन्हा जातो. अॅपमधल्या पट्ट्यांचा फोटो काढून काकांच्या मोबाइलमधे ठेवलाय. मधे एकदा लाइट गेल्यावर सगळं पुसलं गेलं होतं, तेव्हा काकांनी फोटो बघून ते स्वतःच परत लावलं.